तुम्ही विचारलंत म्हणून: एसईओ की जाहिरात?

"दादा, धंद्याची वेबसाइट करून घेतली, पण फोन येत नाहीत. आता एसईओवाल्याला पैसे देऊ की गुगलवर जाहिरात लावू?"

आधी जाहिरात, तीही थोड्या पैशांत. त्यातून जे कळेल त्यावर एसईओ, म्हणजे जाहिरातीचे पैसे न भरता गुगलच्या शोधात आपलं पान वर यावं यासाठीचं काम. असं का म्हणतो ते माझ्या मावसभावाच्या धंद्यावरून सांगतो. कर्वेनगरला त्याचं सोफा दुरुस्तीचं दुकान आहे. एसईओवाले त्याला महिन्याला दहा हजार मागत होते आणि "पहिल्या नंबरची गॅरंटी" देत होते. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच लिहून ठेवतं. एसईओचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, हेही गुगलच सांगतं. शिवाय एसईओ कोणत्या शब्दांवर करायचा, हे तेव्हा ना त्याला माहीत होतं, ना त्या एसईओवाल्याला.

म्हणून महिनाभर सहा हजारांची जाहिरात लावली. लावताना एक गोष्ट बघायचीच. ठिकाण 'पुणे' निवडलं तरी गुगल आपल्या मनाने `Presence or interest` हा पर्याय धरतं, म्हणजे पुण्यात नसलेल्या पण पुण्याबद्दल शोधणाऱ्या माणसालाही जाहिरात दिसते. नागपूरच्या माणसाच्या क्लिकचे पैसे आपण का भरायचे? तिथे नुसतं `Presence` करायचं.

आठवड्याने `Search terms` हा अहवाल उघडला. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं आणि आपले पैसे कशावर गेले, ते त्यात दिसतं. `second hand sofa pune`, `sofa cover price`, `how to repair sofa at home`... जवळजवळ निम्मे क्लिक असेच. यातलं कोणीही दुरुस्तीला बोलावणार नव्हतं. असे शब्द `Negative keywords` मध्ये टाकले की त्यांच्यावर जाहिरात दिसणं थांबतं. हे काम दर आठवड्याला करावं लागतं आणि ते कंटाळवाणं आहे. बहुतेकांची जाहिरात इथेच बुडते.

हिशोब ढोबळ आकड्यांत मांडतो. क्लिकला 24 रुपये धरले तर सहा हजारांत 250 क्लिक. त्यातून पंचवीस फोन आणि पाच कामं. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एका कामामागे सुमारे 1,400 रुपये जाहिरातीचे. फोम, कापड, कारागिराची मजुरी वजा जाता एका कामात अडीच हजार सुटत असतील तर हे परवडतं. निम्मे क्लिक फुकट गेले तर तोच खर्च 2,800 वर जातो, आणि मग प्रत्येक गिऱ्हाईक पदरमोड करून आणल्यासारखं होतं. ज्याच्या धंद्यात एका गिऱ्हाइकामागे दोनशे रुपयेच सुटतात आणि ते गिऱ्हाईक परत येणार नसतं, त्याने या वाटेला जाऊच नये.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट सापडली. `recliner repair near me` शोधणारे थोडेच होते, पण त्यांच्यातले बरेचसे फोन करत होते आणि कामही देत होते. भाऊ रिक्लायनर दुरुस्त करायचा, पण वेबसाइटवर त्याचा उल्लेखच नव्हता. मग एसईओचं पहिलं काम ठरलं: रिक्लायनरचं स्वतंत्र पान. काय बिघडतं, कोणता भाग बदलावा लागतो, अंदाजे खर्च किती, स्वतःच्या कामाचे आधीचे-नंतरचे फोटो. एसईओवाल्याचा आग्रह होता की कोथरूड, वारजे, बावधन अशी नावं बदलून तोच मजकूर चाळीस पानांवर टाकावा. गुगल ते स्पॅम समजतं. आम्ही ते केलं नाही.

आपलं पान कोणत्या शोधांवर कितव्या जागी दिसतं हे गुगलच्या `Search Console` मध्ये कळतं. पाचेक महिन्यांनी तिथे ते पान रिक्लायनरच्या शोधांवर वर दिसायला लागलं. तेव्हा त्या शब्दावरची जाहिरात दोन आठवडे बंद ठेवून फोन मोजले. फारसे घटले नाहीत, म्हणून ती बंदच ठेवली. जाहिरात बंद केली म्हणून गुगल आपलं पान खाली ढकलत नाही, आणि चालू ठेवली म्हणून वरही नेत नाही.

एक मर्यादा मात्र एसईओने सुटत नाही. नकाशावर येणारी दुकानं गुगल शोधणाऱ्यापासूनचं अंतरही बघून लावतं. नकाशावर दिसणारं गुगलचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, ते नीट भरा, खरे रिव्ह्यू मागा. तरीही खराडीतल्या माणसाला कर्वेनगरचं दुकान नकाशात वर दिसणं अवघडच. तिथे पोचायचं तर जाहिरातच. भाऊ आता खराडी-वाघोलीपुरती जाहिरात चालवतो, आणि तीही फक्त रिक्लायनरची. नुसत्या उशा भरायला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये टेम्पो घेऊन तिकडे जाणं त्याला परवडत नाही.