शेळ्या २३, मोजणी २९: फाटकावरच्या कॅमेऱ्याची नोंद

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मामांच्या गोठ्याच्या फाटकावर कॅमेरा बसवला त्याला तीन आठवडे झाले. संध्याकाळी आत येणाऱ्या शेळ्या २३, हे मामांनी बोट दाखवत मोजलेलं. माझा प्रोग्राम व्हिडिओत शेळ्या ओळखून फाटकावर आखलेली रेषा ओलांडणारी प्रत्येक मोजतो. त्याच्या मोजणीत २९. मामा म्हणाले, "सहा तू आणल्यास काय रे वाळपईहून?"

व्हिडिओ फ्रेम-फ्रेम करून पाहिला. दोन जादा शेळ्यांचं कारण सोपं निघालं. प्राणी ओळखणारं तयार मॉडेल ज्या कोको नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेलं असतं त्याच्या यादीत शेळी नाहीच. मेंढी, गाय, कुत्रा आहेत. त्यामुळे एकाच शेळीवर मेंढीची चौकट आणि कुत्र्याचीही चौकट, दोघींना वेगळे आयडी, आणि दोन्ही रेषा ओलांडतात. वेगवेगळ्या वर्गांच्या चौकटीही एकमेकींना खोडतील असं केलं:

```
model.track("fatak.mp4", classes=[16,18,19],
            agnostic_nms=True, stream=True)
```

आकडा २७ वर आला. (कुत्र्याचा वर्ग चालू असल्याने वाघ्याला तेवढा वेळ बांधून ठेवावं लागतं.)

उरलेल्या चार एकट्या एका शेळीच्या! ती फाटकातच उभी राहून कुंपणाचा पाला ओरबाडत होती. मान पुढे गेली की चौकट लांबते, चौकटीचा मध्य रेषेपलीकडे जातो. मान मागे आली की परत अलीकडे. दर खेपेला एक शेळी. एका आयडीला एकदाच मोजावं असं आधी वाटलं, पण आत येऊन पुन्हा बाहेर पळालेली शेळी मग आतच धरली जाते.

म्हणून एका रेषेच्या दोन केल्या, बाहेर 'अ', आत 'ब', मध्ये शेळीच्या लांबीएवढं अंतर. 'अ'च्या बाहेर दिसलेला आयडी 'ब'च्या आत पोचला तर अधिक एक, उलट गेला तर उणे एक. मधल्या पट्ट्यात तो कितीही डुलला तरी त्याची आधीची बाजू बदलत नाही.

आता आकडा आला २२. कमी कसा? १४ नंबरचा आयडी पट्ट्यात मोठ्या बोकडाआड गेला आणि तिथेच थांबला. ट्रॅकर मात्र ती आधीच्याच वेगाने चालतेय असं धरून अंदाजाची चौकट पुढे सरकवत राहिला. १८ फ्रेमनंतर शेळी दिसली तेव्हा दोन चौकटी जुळेनात, म्हणून तिला ३१ नंबर मिळाला. पट्ट्यातच जन्मलेल्या या ३१ ला 'आधीची बाजू' नव्हतीच. ट्रॅक जपण्याची मुदत ३० फ्रेमची होती, म्हणजे मुदत वाढवून इथे काही साधलं नसतं.

तात्पुरता उपाय असा: पट्ट्यात आयडी हरवला आणि तीस फ्रेमच्या आत, शेळीच्या अर्ध्या लांबीच्या परिघात नवा जन्मला, तर जुन्याची बाजू नव्याला द्यायची. आकडा २३ आला. पण दोन शेळ्या एकदम हरवल्या तर अदलाबदल होईल, आणि त्यातली एक बाहेरची, एक परत निघालेली असेल तर बेरीज जुळेल, पण कोण आत आली, कोण बाहेर गेली याची नोंद चुकेल.

कॅमेरा फणसाच्या फांदीवर, थेट वरून लावून पाहिला. आड येणं कमी झालं, पण वरून नुसत्या पाठी दिसतात आणि मॉडेल त्यांना ओळखेना. आता तिरका, माणसाच्या दीडपट उंचीवर आहे. आणि मामांनी कालच फाटकात बांबू आडवे बांधून वाट एका शेळीपुरती केली. पुढची चाचणी त्या वाटेवर. आईच्या पोटाखालून घुसणाऱ्या करडांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.