६ जून १६७४ ला कोणता वार होता?

मी शिष्यवृत्तीच्या तासाला फळ्यावर हमखास पडणारं एक गणित मांडतो: तारीख दिली आहे, वार काढा.

साध्या वर्षात ५२ आठवडे होऊन १ दिवस उरतो, लीप वर्षात २. हे जादा दिवस. शंभर वर्षांत ७६ साधी आणि २४ लीप वर्षं, म्हणजे ७६ + ४८ = १२४; सातने भागून बाकी ५. याच हिशेबाने २०० वर्षांना ३ आणि ३०० ना १. चारशेवं वर्ष स्वतः लीप असल्याने एक दिवस वाढतो आणि ४०० ना बाकी शून्य येते. शेवटी उरलेली बाकी ० असेल तर रविवार, १ असेल तर सोमवार.

१ मे १९६० घेऊ. पूर्ण झालेली वर्षं १९५९. त्यातल्या १६०० ना ०, ३०० ना १. उरलेल्या ५९ मध्ये १४ लीप, ४५ साधी: २८ + ४५ = ७३, बाकी ३. आता चालू वर्षाचे महिने: जानेवारी ३, फेब्रुवारी १ (लीप), मार्च ३, एप्रिल २, मेचा १. बेरीज १०, बाकी ३. एकूण १ + ३ + ३ = ७, बाकी ०. रविवार.

चुका ठरलेल्या असतात. फेब्रुवारीचा लीप दिवस विसरलात की शनिवार येतो. १९६० हेच पूर्ण वर्ष धरलंत की मंगळवार. उत्तर एका दिवसाने मागे पडलं तर आधी फेब्रुवारी तपासावा.

खरी गंमत शिवराज्याभिषेकाच्या तारखेत आहे. ६ जून १६७४ ला रीत लावली की ७३ वर्षांचे ९१, बाकी ०. मेअखेर ११ आणि जूनचे ६ मिळून १७, बाकी ३. बुधवार! गणित बरोबर, उत्तर मात्र चूक. ही तारीख त्या काळच्या इंग्रजांच्या जुन्या, ज्युलियन कॅलेंडरची आहे आणि आपली रीत ग्रेगोरियनची. सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचं अंतर होतं. म्हणून १६ जून धरायचा: बाकी ३ + १० = १३, सातने भागून ६. शनिवार, आणि तोच खरा. मराठी नोंदीत शुक्रवार दिसला तरी दचकू नये. राज्याभिषेक पहाटेचा, आणि आपला वार सूर्योदयाला बदलतो.

इंग्रजांनी २ सप्टेंबर १७५२ नंतर थेट १४ सप्टेंबर धरला. त्याआधीच्या इंग्रजी कागदांतल्या तारखांना सतराव्या शतकात १० आणि मार्च १७०० पासून ११ दिवस मिळवावे लागतात. पोर्तुगालने मात्र १५८२ मध्येच नवं कॅलेंडर घेतलं होतं, त्यामुळे शिवकाळातल्या गोव्याच्या पोर्तुगीज पत्रांवरच्या तारखा आहेत तशाच घ्याव्यात.