भावकीच्या ग्रुपवर पडलेला दसऱ्याचा मेसेज

एकाला लिहिलेला खाजगी मेसेज भलत्याच ग्रुपवर जातो, त्या घोटाळ्याची दसऱ्याची संध्याकाळ ही हक्काची वेळ. दसरा चौकात शमीपूजन होऊन सोनं लुटून झालं की कोल्हापुरात फोनवर शुभेच्छांचा नुसता मारा सुरू होतो. व्हॉट्सॲपवर ज्या ग्रुपला नवा मेसेज येतो तो यादीत सगळ्यात वर चढतो. आपण ज्याच्या नावावर बोट ठेवायला जातो ते नाव नेमकं तेव्हाच खाली सरकतं, आणि मेसेज जातो भलतीकडं. नुसतं "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" एवढंच असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. घोळ होतो तो शुभेच्छेच्या शेपटाला खाजगी वाक्य जोडलेलं असलं की.

भावकीच्या ग्रुपचा ॲडमिन म्हणून असली प्रकरणं माझ्यापर्यंत येतात. त्यातलं एक सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळेच पेच होते. नात्यातल्या एका पोरानं थोरल्या चुलतभावाला लिहिलेला मेसेज असा होता: "आण्णा, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. बांधाचं मनात ठेवू नका. दिवाळीत मी एकटाच येतो, दोघं बसून मिटवू. काकांना यात आणायला नको." तो गेला भावकीच्या ग्रुपवर. ग्रुपवर आण्णा होते, काकाही होते.

पोरानं घाईघाईनं मेसेज दाबून धरला आणि Delete for me वर टिचकी मारली. ही सगळ्यात नेहमीची चूक. त्यानं मेसेज फक्त आपल्या फोनवरून जातो, बाकीच्यांना तो दिसतच राहतो. खाली काही सेकंद Undo येतं, तेवढ्यात ते दाबलं तर मेसेज परत दिसतो आणि मग Delete for everyone करता येतं. ती वेळ गेली की आपल्या हातात काही उरत नाही. मात्र ग्रुपचा ॲडमिन कुणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढू शकतो, म्हणून त्यानं मला फोन केला. मी काढला. पण अशा वेळी ॲडमिननं मेसेज काढल्याची खूण ग्रुपवर उरते, आणि पोराला ॲडमिननं दटावलं असा लोकांचा समज होतो. म्हणून "त्याच्याच सांगण्यावरून काढला" एवढं मी लगेच खाली लिहिलं.

मेसेज आपल्या फोनवर शाबूत असेल तर काढण्याआधी त्याची Info उघडून कुणी वाचलंय ते बघावं. निळ्या खुणा बंद ठेवणाऱ्यांचंही ग्रुपमधलं वाचणं तिथं दिसतं. एकदा मेसेज काढला की ही यादी बघायची सोय राहत नाही. शिवाय यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, वर आलेल्या सूचनेतूनच कुणीतरी पूर्ण वाचलेलं असतं. त्यावर कुणी "कुठला बांध रे?" असं उत्तर दिलं असेल तर त्या उत्तराला चिकटलेला मूळ मजकूर तसाच राहतो. त्या माणसाला वेगळं विनवून त्याचं उत्तरही काढायला लावावं लागतं.

काहीजण पंधरा मिनिटांच्या आत मेसेज बदलून तिथं साधी शुभेच्छा लिहितात. हे करू नये. मेसेजखाली Edited दिसतं, आणि ज्यांनी आधी वाचलं त्यांच्या नजरेत आपण चुकलेले राहत नाही, लपवणारे होतो.

आता माफी. पोराचा पहिला विचार होता ग्रुपवर सविस्तर लिहायचा. मी त्याला थांबवलं. आधी आण्णांना फोन. त्यांचं घरगुती प्रकरण चव्हाट्यावर आलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी त्याच्याच तोंडून कळायला हवं होतं. फोनवर बोलायचं ते इतकंच: "आण्णा, तुम्हाला लिहिलेलं माझ्या हातून भावकीच्या ग्रुपवर गेलं. बांधाचं नाव त्यात होतं. काढलंय, पण काहींनी वाचलंय. चूक माझी. ग्रुपवर काय लिहू?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. बोभाटा आण्णांचाही झालाय, तेव्हा किती सांगायचं हे त्यांनाही ठरवू द्यावं. ते सोनं वाटायला बाहेर पडले असतील आणि फोन उचलत नसतील, तर हेच त्यांना मेसेजनं कळवावं आणि ग्रुपवर त्यांचं नाव न घेता लिहावं.

ग्रुपवर लिहिलं ते असं: "मंडळी, मगाशी माझा एक खाजगी मेसेज चुकून इथं आला. काढून टाकलाय. माफ करा." बस्स. कुणाला होता, का होता, काही नाही. "कुणाचं मन दुखावलं असल्यास" हे तर अजिबात नको. दुखावलंय की नाही अशी शंका घेऊन मागितलेली माफी ऐकणाऱ्याला टोचते. "लहान पोरानं फोन घेतला होता", "नेटवर्कचा घोळ झाला" हेही नको. बांधाचा विषय लिहिणारं पोर भावकीत कुणाला पटणार आहे? आणि लगेच खाली झेंडूच्या फुलांची चित्रं टाकू नयेत, माफी वर ढकलायचा डाव वाटतो.

खरी अवघड माफी काकांची. इथं बहुतेक लोक ग्रुपवरचंच वाक्य काकांना ऐकवतात: "काका, मेसेज चुकून तिकडं गेला." याचा काकांनी अर्थ काय घ्यायचा? तुम्हाला कळायला नको होतं, कळलं म्हणून वाईट वाटतंय, असाच ना? ग्रुपची माफी मेसेज भलतीकडं गेला म्हणून, आण्णांची त्यांचं झाकलेलं उघडं पडलं म्हणून. काकांची मात्र "काकांना यात आणायला नको" या वाक्याबद्दलच मागायला हवी. ते वाक्य आण्णांच्याच फोनवर गेलं असतं तरी काकांना वगळण्याचा बेत तसाच होता.

दसऱ्याला यासाठी वाट तयार असते. थोरांच्या घरी आपट्याची पानं घेऊन जायचंच असतं. पोराला मी त्याच रात्री पाठवलं, सोबत कुणी नको म्हणून बजावलं. चारचौघांत माफी मागितली की काकांना राग धरायलाही जागा उरत नाही, आणि तो मग आत साचतो. पानं हातात द्यायची, पाया पडायचं, आणि बसल्यावर पहिलं वाक्य हेच: "काका, तुम्हाला बाजूला ठेवायचं मी लिहिलं, ते चुकलं. आण्णांचा त्यात काही संबंध नाही, शब्द माझे." बांधाचा विषय आपण काढायचा नाही. काकांनी काढला तर ऐकून घ्यायचं, "पण" म्हणायचं नाही. काका बोललेच नाहीत, नुसता चहा पुढं केला, तर चहा घ्यायचा आणि उठायचं. माफ केलं असं वदवून घेण्यासाठी बसून राहू नये.

काका त्याला बरंच बोलले. म्हणाले, बांध घातला तेव्हा मीच तिथं उभा होतो, आणि मलाच बाहेर ठेवता? दिवाळीतली बैठक मग तिघांची ठरली.

ग्रुपवर दोन दिवस पोरांनी "बांध" म्हणून चेष्टा केली. त्याला उत्तर देऊ नये आणि दुसऱ्यांदा माफीही मागू नये, विषय त्यानंच लांबतो. चेष्टा काकांपर्यंत जायला लागली तेव्हा मी त्या पोरांना एकेकट्याला फोन करून थांबवलं. ग्रुपवर दटावलं असतं तर आणखी चार दिवस तेच चाललं असतं.

सणाच्या दिवशी मोठे ग्रुप अर्काइव्ह करून ठेवले तर यादीत वर उडी मारत नाहीत. त्यासाठी सेटिंगमध्ये Keep chats archived चालू असावं लागतं. ज्यांच्याशी खाजगी बोलणं असतं त्यांची नावं पिन केली की ती यादीत वरच राहतात. भावकीच्या ग्रुपला मागचं चित्र वेगळं, भडक रंगाचं लावलं तर पाठवायच्या आधीच डोळ्यांना खटकतं. त्या पोरानं लाल लावलंय.