सहा खिडक्या आणि एक सही

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या बंगल्याचं बांधकाम चालू होतं. मी तिथे कंत्राटदाराकडून साइट इंजिनिअर होते. करारात दार-खिडक्यांच्या चौकटींसाठी स्वच्छ लिहिलं होतं : चंद्रपूर-बल्लारशा सागवान, पक्क्या गाभ्याचं, वाळवलेलं. मुख्य दाराची चौकट पूजा करून बसलीही होती. बाईंनी स्वतः तिला हळद-कुंकू लावलं होतं.

खिडक्यांच्या वेळी गाडी अडली. वखारवाल्या काकांचा फोन आला, की चार बाय अडीच इंचाच्या छेदाचा, सालीलगतचं पांढरं लाकूड न आलेला, वाळलेला माल आत्ता नाही. डेपोच्या लिलावातला नवा लॉट यायला, कापायला आणि वाळायला पाच-सहा आठवडे लागतील. इकडे वीटकाम खिडकीच्या तळापर्यंत आलं होतं. चौकट उभी करून तिच्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे होल्डफास्ट, विटांत बांधत वर जायचं, ही आमची पद्धत. चौकटी नाहीत म्हणजे गवंडी बसून.

काका म्हणाले, "मॅडम, घानाचं सागवान तयार आहे. सागच आहे तोही. पॉलिश मारल्यावर कोण ओळखतंय?"

खरंच फारसं कुणी ओळखणार नाही. झाड तेच, जात तीच. पण सागाचं टिकाऊपण त्याच्या गाभ्यात असतं. गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी त्याच्यापासून लांब राहतात. सालीलगतच्या पांढरट लाकडात ती द्रव्यं नसतात, म्हणून ते सहज किडतं. लागवडीतली कमी वयाची झाडं तोडली, की गाभा लहान मिळतो, त्यातली द्रव्यंही कमी असतात आणि पांढऱ्याचं प्रमाण वाढतं. ताकदीत म्हणाल तर खिडकीच्या चौकटीला पडेल असा फरक नाही. फरक पडतो तो पंधरा-वीस पावसाळ्यांनंतर. तेव्हा मी साइटवर नसेन, बाईंचं घर मात्र असेल. म्हणून न विचारता माल उतरवायचा नाही, हे मी आमच्या कंत्राटदारांना सांगितलं आणि त्यांनी ते मानलं.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही बघा ना, तुम्हाला योग्य वाटेल ते करा." असा होकार घेऊन काम पुढे नेणं मला पटत नाही. काय बदललं, किती पैशांचा फरक पडला आणि काय गमावलं, हे माहीत नसताना दिलेला होकार पुढे दोघांनाही त्रास देतो. मी म्हटलं, "बाई, मी नमुना आणि पत्र घेऊन येते. वाचून मग सांगा."

आधी वखारीत गेले. काकांना एका फळीच्या चारही बाजूंना रंधा मारायला लावला, कारण रंधा न मारलेल्या करड्या फळीवर पांढरं दिसत नाही. एका कडेला बोटभर रुंदीचा फिकट पट्टा निघाला. सुतार अशी कड भिंतीकडे फिरवतात आणि ती कायमची झाकली जाते. मग मीटर लावून ओलावा पाहिला. काही नग बारा टक्क्यांच्या आसपास होते, एका थप्पीत मात्र सतरा निघाला. ते लाकूड बसवलं असतं, तर नाशिकच्या एप्रिलच्या कोरड्या उन्हात ते आकसून सांधे उघडे पडले असते. ती थप्पी मी तिथेच बाजूला करायला सांगितली.

आता पैशांचा हिशेब. चंद्रपूर सागाचा आमचा दर घनफुटाला 5,200 रुपये होता, घानाचा 3,100. सहा चौकटींत प्रत्यक्ष बसणारं लाकूड 10.2 घनफूट. सरळ गुणाकार केला तर 21,420 रुपये वाचतात, आणि बहुतेक ठिकाणी हाच आकडा ग्राहकाला सांगितला जातो. पण घानाच्या मालात पांढरं कापून टाकायचं तर घट जास्त येते. चंद्रपूरला दहा टक्के घट धरली, घानाला पंचवीस. म्हणजे एकीकडे सव्वाअकरा घनफूट, 58,500 रुपये. दुसरीकडे पावणेतेरा घनफूट, 39,525 रुपये. फरक 18,975 वर आला. त्यातून कीडप्रतिबंधक प्रक्रियेचे खिडकीमागे 600 वजा केले. खरी बचत 15,375. पत्रात हीच रक्कम लिहिली आणि ती बिलातून वजा होईल, असंही लिहिलं.

दर्जाबद्दल मात्र मी जास्त ओळी खर्च केल्या. "पर्यायी लाकूड सागच आहे; मात्र गाभ्याचा नैसर्गिक टिकाऊपणा कमी धरावा. रंग फिका आहे, रेषा रुंद आहेत. मुख्य दाराच्या चौकटीशेजारी फरक दिसेल. पॉलिशने तो कमी होईल, पूर्ण जाणार नाही. पांढरा भाग असलेला किंवा चौदा टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला नग वापरला जाणार नाही." खाली तीन पर्याय : थांबणे, बदल मान्य करणे, किंवा काही खिडक्यांपुरताच बदल. कोणत्या तारखेपर्यंत उत्तर हवं आणि तोवर गवंडी कुठल्या भिंतीवर काम करतील, तेही लिहिलं.

बाईंनी पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. पुण्याच्या मुलाला फोन लावून स्पीकरवर पुन्हा मोठ्याने वाचलं. नमुना दाराच्या चौकटीला टेकवून उन्हात पाहिला. मग विचारलं, "पाऊस कुठल्या खिडक्यांवर येतो?"

पश्चिमेच्या दोन खिडक्यांवर. त्यांच्यावर छज्जाही आखूड होता.

"मग त्या दोन चंद्रपूरच्याच हव्यात. बाकी चार चालतील. पण थांबल्यामुळे भाव वाढला तर?"

दर करारात ठरलेला होता, वाढ आमच्यावर. मुलाने विचारलं, मग या दोन खिडक्यांशिवाय वीटकाम कसं चालणार. मी सांगितलं, की माप घेऊन मोकळी जागा सोडू, वर लिंटेल टाकू आणि चौकट नंतर लांब फास्टनरने बसवू. तिथल्या कडांचा गिलावा मागाहून होईल आणि जोड नीट सांधला नाही तर तिथे बारीक भेग दिसू शकते. हेही लिहून द्या, असं तो म्हणाला. बरोबरच होतं.

ऑफिसला जाऊन पत्र नव्याने केलं. चार खिडक्यांसाठी बचत 10,250 रुपये झाली. दोन खिडक्यांची मुदत आणि भेगेची शक्यता शेवटी घातली. संध्याकाळी बाईंनी प्रत्येक पानावर सही केली, मुलाने ईमेलवर मान्यता पाठवली. नमुन्याची फळी मधून कापून दोन्ही तुकड्यांवर बाईंची आणि माझी सही, तारीख घेतली. एक तुकडा त्यांच्याकडे, एक साइटवरच्या कपाटात.

दुसऱ्या दिवशी माल उतरला तेव्हा सुतार मिस्त्री प्रत्येक नग त्या तुकड्याशेजारी ठेवून बघत होते. दोन नगांना पांढरं निघालं. ते त्याच टेम्पोतून परत गेले.