सुटली आणि सोडली

भुसावळच्या माझ्या मित्राला बिडी बंद करून वर्ष झाले, तेव्हा स्टेटसला टाकायच्या फोटोखाली दोन ओळी लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. मी उत्साहाने ‘व्यसनाच्या विळख्यातून मुक्त’ असे लिहून दिले. त्याने ते वाचले आणि म्हणाला, “काय भो, मी काय सापाच्या तोंडातून निघालो का?”

मग ‘अखेर बिडी सुटली’ असे लिहिले. तेही त्याला पटले नाही, आणि या वेळी चूक खरोखर मराठीचीच होती. सुटते ती गाडी किंवा गाठ. ‘सुटली’ म्हटले की ती आपोआप गेली आणि हा नुसता बघत उभा होता, असे वाटते. ‘सोडली’ म्हटले की निदान करणारा माणूस वाक्यात येतो. मात्र हे काम एका दिवसात उरकले असावे, असाही भास होतो. प्रत्यक्षात पहिले तीन दिवस सर्वांत कठीण गेले, कारण निकोटीन शरीरातून उतरत असताना चिडचिड आणि अस्वस्थता याच दिवसांत टिपेला असते. नंतरच्या काही आठवड्यांत ती ओसरली, पण सकाळच्या चहानंतरची तलफ महिनोन्‌महिने वेळेवर हजर होत राहिली. एकेक तलफ काही मिनिटांतच विरते, हे त्याला अनुभवाने कळले होते. म्हणून तो ग्लास टपरीवर ठेवून, बंडलाच्या जागी खिशात ठेवलेली बडीशेप चघळत, कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत जाऊन परत यायचा. तंबाखूची पुडी त्याने जवळ केली नाही, कारण निकोटीन तेच, फक्त वाट वेगळी.

एक अडचण उरली होती. वैशाखातल्या एका लग्नात, वरात निघता निघता, त्याने एक बिडी ओढली होती. ती लपवून ‘365 दिवस’ लिहिणे त्याला खोटे वाटत होते, आणि तिच्यामुळे आधीचे महिने पुसून मोजणी पुन्हा शून्यावर आणणेही मला हिशेबाला धरून वाटेना. शिवाय ‘यापुढे कधीच नाही’ ही शपथ लिहिली, की बघणारे तिच्यावर नजर ठेवून बसतात, हे आमच्या चौकात वेगळे सांगायला नको.

शेवटी दोघांनी मिळून लिहिले: ‘वर्षभर चहानंतरची बिडी रोज सोडली. मध्ये एकदा ओढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडली.’ फोटो त्याने स्वतःचा नव्हे, टपरीवरच्या अर्ध्या ग्लासाचा लावला आणि खाली मला न विचारता आणखी एक ओळ जोडली: ‘चहा चालू आहे.’