शाडू कार्यशाळेचं पत्रक: फाइल प्रेसला जाईपर्यंत

मांडणी झाली होती. या टप्प्यात स्क्रिबस 1.6 या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधली फाइल छपाईयोग्य करायची होती. पत्रक A5, दोन्ही बाजूंनी रंगीत. पुढे मूर्ती घडवणाऱ्या हातांचा फोटो कडेपर्यंत, मागे माहिती आणि खाली पेनाने भरायचा नोंदणीचा तक्ता. प्रती 300, म्हणजे डिजिटल छपाई.

आधी प्रेसवाल्या काकांना गाठलं, कारण कागद आणि शीट ठरल्याशिवाय पुढचं ठरवता येत नाही. त्यांनी 130 जीएसएमचा आर्ट पेपर पुढे केला. त्यावर फोटो खरंच सुंदर उठतो. पण आम्हाला खाली पेनाने लिहायचंय! नमुन्यावर जेल पेनाने नाव लिहून बोट फिरवलं, तर शाई सरळ पसरली. आर्ट पेपरवरच्या लेपामुळे शाई लवकर मुरत नाही. म्हणून 100 जीएसएम मॅपलिथो, म्हणजे लेप नसलेला कागद घेतला. त्यावर रंग थोडे फिके दिसतात आणि मोठ्या गडद भरावात ठिपकेदारपणा दिसतो, त्यामुळे मागचा गडद तपकिरी पट्टा काढून तिथे फिकट मातकट रंग दिला. कागद पातळ असल्याने पलीकडचं दिसण्याचा धोकाही त्याने कमी झाला.

काकांनी विचारलं, "ताई, ब्लीड धरून माप किती?" A5 म्हणजे 148 × 210 मिमी. चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई धरली की 154 × 216. अशा दोन प्रती शेजारी ठेवल्या तर रुंदी 308 मिमी होते. 12 × 18 इंची शीट 305 मिमी रुंद, म्हणून तिच्यावर दोनच प्रती बसतात. 13 × 19 इंचीवर चार बसतात. म्हणजे 150 शीटऐवजी 75 (वाया जाणाऱ्या वेगळ्या). दर ठरवताना हे विचारून घ्याच.

ब्लीड लागतं ते कटिंगसाठी. गठ्ठा कापताना सुरी मिलिमीटरभर इकडेतिकडे होते आणि फोटो नेमका कडेवर संपत असेल तर पांढरी रेघ उमटते. तेवढ्याच कारणाने मजकूर कडेपासून 5 मिमी आत ठेवला. Document Setup मध्ये ब्लीड भरणं पुरेसं नाही, फोटोची चौकटही त्या बाहेरच्या रेषेपर्यंत ओढावी लागते. PDF काढताना Pre-Press मध्ये `Use Document Bleeds` ला टिक हवीच.

फोटो मैत्रिणीकडून व्हॉट्सॅपवर आला होता, 1200 × 1600 पिक्सेल. त्यातला फक्त हातांचा भाग घेतला तेव्हा रुंदीला 700 पिक्सेल उरले. 154 मिमी म्हणजे 6.06 इंच, भागाकार केला तर इंचाला 115 पिक्सेल. हातात धरून वाचायच्या छपाईला 300 च्या आसपास हवेत. इथे बोटांवरच्या मातीच्या भेगा धूसर दिसल्या असत्या. आकडा वाढवून सेव्ह केल्याने तपशील परत येत नाही. तिला मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितलं. तो 3000 × 4000 निघाला, त्याच कापलेल्या भागात 1750 पिक्सेल मिळाले, म्हणजे 289. चालतंय.

सगळ्यात जास्त वेळ काळ्या रंगावर गेला आणि तो द्यायलाच हवा होता. शीर्षक इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं, SVG म्हणून आणलेलं. त्याचा काळा रंग यादीत `FromSVG#000000` नावाने बसतो आणि तो आरजीबी, म्हणजे पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचा असतो. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या रंगांत जाताना त्याचे चारही रंग होतात, साधारण C75 M68 Y67 K90. प्रोफाइलप्रमाणे आकडे बदलतात, पण बेरीज 300 टक्क्यांच्या घरात जाते. चार थर केसभर जरी सरकले तरी शिरोरेषेला निळी-गुलाबी किनार येते आणि बारीक अक्षरांत अनुस्वार, रफार भरून जातात. म्हणून Colors and Fills मध्ये तो रंग C0 M0 Y0 K100 केला. मग Print Preview मध्ये C, M, Y बंद करून पाहिलं: सगळा मजकूर काळ्यात जसाच्या तसा दिसला पाहिजे. उलट फक्त K बंद केला की मजकूर पूर्ण नाहीसा व्हायला हवा. एखादं अक्षर फिकट उरलं, तर ते चार रंगांत आहे.

केशरी रंगही आरजीबीतून बदलू दिला नाही, मंदावतो. तो थेट M60 Y100 असा दिला.

काकांकडे कोरल आहे, पण उघडी फाइल दिली नाही. तिथे युनिकोड फाँट नसला तर जोडाक्षरं फुटतात. फाँट एम्बेड केलेली PDF दिली आणि त्याच मॅपलिथोवर एक प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत मागितली. त्यात केशरी ठीक आहे, किनार कुठेही नाही. पाठपोट छपाई मात्र किंचित सरकलेली दिसते, म्हणून तक्त्याची चौकट आणखी 2 मिमी आत घेतली. नवी PDF गेली आहे, बाकीच्या प्रती त्यावरूनच निघतील.