न पेटवलेलं निरांजन

सांगलीत विश्रामबागला एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मी अकरा वर्षं कॅप्टन आहे. वाढदिवस, साखरपुडा, लग्नाचा वाढदिवस असलं काही असलं की बुकिंग माझ्याकडे येतं. परवाच्या रविवारचं एक बुकिंग मात्र डोक्यातून जात नाही.

फोन नातवाचा होता. आजी-आजोबांच्या लग्नाला 50 वर्षं होत होती आणि दोघांना काहीच सांगायचं नव्हतं. माणसं बावीस, दोन किलोचा बिनअंड्याचा केक. मी नेहमीचे प्रश्न विचारले. बुकिंग कुणाच्या नावावर घालू? कारण दारातल्या फळीवर आजोबांचंच नाव दिसलं तर सगळं तिथंच उघडं पडतं. दोघं किती वाजता येणार, बाकीचे त्यांच्या किती आधी, केकवर नाव कसं लिहायचं. हे नाव मी अक्षर अक्षर व्हॉट्सॲपवर मागून घेतो, कारण बेकरीवाले ऐकून लिहितात आणि चुकीचं लिहितात.

केक चार वाजता आला. तो आम्ही भाजीच्या फ्रिजमध्ये ठेवत नाही, क्रीमला लसूण-कांद्याचा वास लगेच धरतो. आईस्क्रीमच्या काउंटरशेजारी वेगळा लहान फ्रिज आहे, तिथं खोक्याला टेप लावून ठेवतो आणि कापायच्या पंधरा मिनिटं आधी बाहेर काढतो. त्याहून उशिरा काढला तर आतला स्पंज घट्ट लागतो. लवकर काढला तर उन्हाळ्यात कडेची फुलं बसतात.

वेळ जुळवायची ती मुख्यतः तंदूरशी. केक स्टार्टरनंतर आणि जेवणाआधी आणायचा असतो. एकदा केक टेबलावर गेला की फोटोंमध्ये वीस मिनिटं सहज जातात. तेवढ्यात रोट्या निघाल्या तर त्या चामड होतात आणि लोक स्वयंपाकघराला नावं ठेवतात. म्हणून भाजीची ऑर्डर आत दिली तरी रोटीची चिठ्ठी मी खिशात ठेवतो, केक कापून झाल्यावर देतो. सांगायला सोपं आहे, पण रविवारी रात्री आमचे तंदूरवाले मामा थांबायला तयार नसतात. दरवेळी वाद होतो.

खूणही ठरली होती. नातवानं हात वर करून ‘जास्तीचं लिंबू द्या’ म्हटलं की आम्ही निघायचं. एक जण केक धरणार, एक जण पुढं दार धरणार, तिसरा हॉलचे दिवे घालवणार. आमच्याकडे हॉलची बटणं तीन बोर्डांवर विखुरलेली आहेत, म्हणून तो सरळ त्या बाजूची एमसीबी खाली पाडतो. केकवर 5 आणि 0 चे मेणाचे आकडे आणि मधे फवारा उडवणारी एक मेणबत्ती. ती मेणबत्ती मला कधीच आवडली नाही. पाऊण मिनिट ठिणग्या उडवते, मग केकवर काळी राख सांडते आणि नळकांडं बराच वेळ तापलेलं राहतं. पण मालकांना व्हिडिओत ती हवी असते.

साडेआठला दोघं आली. गणपतीच्या दर्शनाला म्हणून त्यांना घराबाहेर काढलं होतं, येताना ‘इथंच जेवून जाऊ’. सगळी माणसं उठून उभी राहिली, आजी तोंडावर हात ठेवून रडायला लागल्या. मी लांबून बघत होतो आणि तेव्हा मला आजोबांच्या नाकाला लावलेली नळी दिसली. मुलाच्या खांद्यावर पिशवीसारखं यंत्र होतं. बॅटरी उतरली होती म्हणून त्यानं ते खुर्चीमागच्या प्लगला लावलं.

2021 मध्ये आई घरी ऑक्सिजनवर होती. यंत्र बसवायला आलेल्या माणसानं पहिली गोष्ट बजावली होती ती शेगडीची आणि देवघरातल्या दिव्याची. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जे जळतं ते त्यात एकदम भडकतं. नळीतून येतो तो सगळा नाकात जात नाही, थोडा कपड्यांत, शालीत, केसांत राहतो. किमान दहा फूट लांब, असं तो म्हणाला होता. आजोबांच्या अंगावर लोकरी शाल होती. मी ठिणग्या त्यांच्यापासून दोन फुटांवर आणणार होतो. आणि दिवे घालवायला जी एमसीबी पडणार होती, तिच्यावरच तो प्लगही होता.

आधी एमसीबीवाल्या पोराला गाठलं. मग केकवरच्या तिन्ही मेणबत्त्या काढल्या, भोकं सुरीनं बुजवली. दिवाळीच्या सजावटीतले बॅटरीचे छोटे दिवे माळ्यावर होते, त्यातले आठ चालू निघाले. ते केकभोवती ताटात मांडले आणि हॉलची फक्त तीन बटणं हातानं बंद करायला सांगितलं.

नातवाला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा त्याला लगेच पटलं. अडचण सूनबाईंची झाली. त्यांनी घरून चांदीचं ताट आणलं होतं. हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी आणि निरांजन, त्यात तुपात भिजवलेली फुलवात. औक्षण म्हणजे ज्योत थेट चेहऱ्यासमोर. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, “दोन मिनिटं नळी काढते ना, घरी जेवताना काढतोच की.” मी म्हटलं, “वहिनी, नळी काढली तरी शालीत राहतो तो. आणि नळी काढायची की नाही हे डॉक्टरांनी सांगायचं, मी नाही.” त्यांचे दीर मधे पडले, हॉटेलवाल्यानं आम्हाला शिकवायचं का, असं म्हणाले. या वाक्याचा मला राग आला आणि अजून आहे. यंत्राच्या बाजूला पेटत्या काडीवर फुली मारलेलं चित्र होतं. ते मी बोट ठेवून दाखवलं. रोज ते यंत्र उचलणाऱ्या घरात कुणी ते बघितलेलं नव्हतं.

शेवटी आजींनीच सोडवलं. त्यांना नीटसं कळलं नव्हतं, एवढंच कळलं की दिवा लावायचा नाही. त्या म्हणाल्या, “सुपारी-अंगठीनं ओवाळ की. आधी तेच तर ओवाळतात.” सूनबाईंनी अंगठी आणि सुपारीनं दोघांना ओवाळलं, अक्षता टाकल्या. लिंबू मागितलं गेलं, केक निघाला, दिवे गेले, यंत्राचा बारीक आवाज चालू राहिला. रोट्या वेळेवर निघाल्या.

आता बुकिंगच्या वहीत मी एक प्रश्न वाढवलाय : कुणी ऑक्सिजनवर आहे का, व्हीलचेअर आहे का, प्लग लागेल का. नातवाला मी दहा प्रश्न विचारले होते, त्यात हा नव्हता. त्यानंही सांगितलं नाही, कारण त्याच्या दृष्टीनं आजोबांची नळी म्हणजे आजोबांचा चष्मा.

आणि एक गोष्ट मला त्या रात्री सुचली नाही. पलीकडच्या भिंतीशी, वीस फुटांवर, टेबल मांडून निरांजन लावता आलं असतं. आजोबांना बसल्या जागेवरून दिसलं असतं. आजी तिथं जाऊन हात जोडू शकल्या असत्या. हे मला घरी जाताना, वाटेत सुचलं.

निघताना सूनबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट आवरताना त्यांनी ती फुलवात निरांजनातून काढली नाही, तशीच पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवली. नॅपकिनला तुपाचा डाग पसरत होता.